नवीन माणूस घेण्याआधी: लहान युनिटसाठी भरतीचं बजेट आणि पगाराची रेंज कशी ठरवायची

लहान कारखान्यात पगार बहुतेक वेळा मुलाखतीच्या टेबलावर ठरतो. समोरच्याला विचारायचं, "आत्ता किती मिळतात?" तो सांगतो बावीस हजार. मालक मनात दोन हजार वाढवतो, एक हजारावर घासाघीस होते आणि सोमवारपासून माणूस कामावर येतो. हा पगार धंद्याला परवडतो का, हे कामच मुळात पूर्ण वेळेचं आहे का, आतल्या जुन्या माणसांना त्याचं काय वाटेल, यातला एकही प्रश्न तोवर विचारलेला नसतो. तीन-चार महिन्यांनी ते प्रश्न स्वतःहून समोर येतात आणि तेव्हा त्यांची उत्तरं महाग पडतात.

या लेखातला क्रम म्हणून उलटा आहे. आधी धंद्याच्या आतून वरची मर्यादा काढायची, मग त्यातून पगार किती उरतो ते बघायचं, त्यानंतर बाजार, त्यानंतर आतली उतरंड आणि सगळ्यात शेवटी रेंज. पहिल्या उमेदवाराला फोन करण्याआधी ही रेंज कागदावर हवी.

सगळं एकाच उदाहरणातून बघू. भोसरी एमआयडीसीतलं एक जॉबवर्क युनिट डोळ्यासमोर आणा. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, वर्षाची उलाढाल साधारण ३ कोटी २० लाख. मस्टरवर १७ माणसं, शिवाय ठेकेदाराकडून आलेले २ हेल्पर, म्हणजे एकूण १९. मालकाला आता क्वालिटी इन्स्पेक्टर घ्यायचा आहे, कारण माल ग्राहकाकडून परत यायला लागलाय आणि एक मोठा ग्राहक प्रत्येक लॉटबरोबर तपासणी अहवाल मागतोय. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणिताची रीत तीच राहील.

आधी काम मोजा, पद नंतर

दोन आठवडे एक वही ठेवा. तपासणीचं काम सध्या कोण करतंय, दिवसातून किती वेळ करतंय, आणि त्या वेळात त्याचं स्वतःचं कोणतं काम थांबतंय, एवढंच रोज लिहायचं. अंदाजाने लिहू नका, कारण ज्या कामाचा कंटाळा असतो ते आपल्याला नेहमी जास्त वाटतं.

आपल्या युनिटमध्ये वहीतून असं दिसलं: माल पाठवण्यापूर्वीची तपासणी रोज ५ तास, अहवाल भरणं दीड तास, ग्राहकाच्या तक्रारींचा पाठपुरावा सरासरी १ तास. एकूण साडेसात तास. म्हणजे हे खरंच एका माणसाचं काम आहे. यातले २ तास मालक स्वतः संध्याकाळी देतात, बाकीचे सेटर आणि दोन जुने ऑपरेटर मशीन थांबवून देतात.

हाच आकडा तीन तास आला असता तर नवीन माणूस घेऊच नये, असं मी सांगितलं असतं. एखाद्या हुशार ऑपरेटरला मायक्रोमीटर, बोअर गेज आणि हाइट गेजचं नीट प्रशिक्षण देऊन महिन्याला वेगळा भत्ता देणं कितीतरी स्वस्त पडतं. अर्ध्या कामासाठी पूर्ण माणूस आला की उरलेल्या वेळात त्याला पॅकिंग, बँक, गाडीत माल भरणं अशी कामं लागतात. आणि इन्स्पेक्टर म्हणून आलेला माणूस हे फार दिवस सहन करत नाही.

वरची मर्यादा: हे काम धंद्याला किती मोलाचं आहे

थेट विक्री आणणारं पद असेल तर हिशेब सोपा असतो. क्वालिटी, स्टोअर, अकाउंट्स या पदांचं मोल "वाचलेल्या पैशात" मोजावं लागतं आणि तिथे प्रामाणिकपणाची परीक्षा होते.

गेल्या १२ महिन्यांच्या डेबिट नोटा काढा. आपल्या युनिटला ३ लाख ९० हजारांच्या डेबिट नोटा लागल्या. ग्राहकाच्या आवारात माणूस पाठवून माल निवडून देणं आणि परत आलेल्या मालाचं रिवर्क यावर आणखी १ लाख ६० हजार गेले. एकूण साडेपाच लाख. इथेच थांबून "इन्स्पेक्टर घेतला की साडेपाच लाख वाचतील" असं मानलं तर गणित फसलं. प्रत्येक तक्रारीसमोर एकच प्रश्न लिहा: माल गेटबाहेर जाण्याआधी कुणी मोजला असता तर हा दोष सापडला असता का? बोअर मोठा झाला असेल तर सापडला असता. कास्टिंगच्या आत ब्लोहोल होतं, ते मशीनिंगमध्ये उघडंच पडलं नाही, तर सापडलं नसतं. वाहतुकीत माल एकमेकांवर आपटला असेल तर तो पॅकिंगचा प्रश्न आहे. शिवाय सापडलेला खराब माल म्हणजे वाचलेला माल नव्हे. तो आत सापडल्यामुळे डेबिट नोट आणि धावपळ वाचते, पण मशीनचा वेळ गेलेलाच असतो. हे सगळं वजा करून आपल्या युनिटमध्ये साधारण ६० टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार, खरोखर वाचण्यासारखे निघाले.

मालकाच्या वेळेचंही मोल धरायचं, पण तो वेळ नक्की कशाला वापरणार हे ठरलं असेल तरच. आपल्या मालकांकडे कोटेशन देऊन ठेवलेल्या चौकशा पाठपुराव्याविना पडून आहेत. रोजचे २ तास, महिन्याला २५ दिवस, वर्षाला ६०० तास. तासाला ३०० रुपये धरले तर १ लाख ८० हजार. हा दर मुद्दाम कमी धरलाय. नवीन ग्राहक मिळेल, मोठी ऑर्डर येईल, यातलं काहीही या हिशेबात घ्यायचं नाही. ऑर्डर आली तर आनंदच आहे, पण न आलेल्या ऑर्डरवर कुणाचा पगार बांधू नये.

बेरीज झाली ५ लाख १० हजार. याच्यापुढे गेलात तर तुम्ही खिशातून पैसे घालताय. प्रत्यक्ष खर्च याच्या ८० टक्क्यांत बसवावा, असं माझं मत आहे, कारण बचतीचा अंदाज जवळजवळ नेहमीच थोडा जास्त निघतो. म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख ८ हजार, महिन्याला ३४,००० रुपये. ही या पदावरच्या *एकूण खर्चाची* मर्यादा आहे. पगार यापेक्षा बराच खाली असणार.

पगार आणि खर्च यांतलं अंतर

समजा महिन्याचा एकूण पगार २४,००० रुपये ठरवला, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवता येत नाहीत. जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ पगार सहा हजार आणि बाकी सगळे भत्ते, ही जुनी युक्ती बजेटमध्ये धरूच नका.

आता मालकाच्या खिशातून काय जातं ते बघा:

- एकूण पगार: २४,०००
- पीएफमधला मालकाचा भाग, विमा आणि प्रशासकीय आकारासह १३ टक्के, १५,००० वर: १,९५०
- ईएसआय किंवा त्याऐवजी वैद्यकीय व अपघात विमा: ७८०
- दिवाळीला एक मूळ पगार, महिन्यावर वाटून: १,२५०
- ग्रॅच्युइटीची तरतूद: ७२०
- गणवेश, सेफ्टी शूज, चहा-नाश्ता: ८००

एकूण २९,५००. वर्षाला ३ लाख ५४ हजार. पगाराच्या वर साधारण २३ टक्के.

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं सांगायला हवं. ईएसआय १० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू होतं, मालकाचा भाग ३.२५ टक्के असतो आणि वेतनाची मर्यादा २१,००० आहे. २४,००० चा पगार त्या रेषेच्या आसपास येतो. त्यातला कोणता भाग वेतनात धरायचा, हे लेबर कन्सल्टंटकडून लेखी घ्या. बजेटमध्ये मात्र मी दोन्ही बाबतींत तेवढीच रक्कम ठेवायला सांगतो. माणूस ईएसआयच्या बाहेर गेला, तर त्या पैशांतून त्याचा विमा काढा. मशीनशेजारी उभं राहून काम करणाऱ्या माणसाला कोणत्याच विम्याशिवाय ठेवणं मला पटत नाही.

ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर द्यायची असते म्हणून अनेक जण ती ओळच गाळतात. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दर महिन्याला बाजूला पडत असतात, एवढं धरून चला. ठरावीक मुदतीच्या करारावर माणूस घेणार असाल तर नव्या संहितेत ही पात्रता एका वर्षावर आलीय. म्हणजे "कराराचा माणूस स्वस्त" हा समजही तपासून बघावा लागेल.

विसावा माणूस

आपल्या युनिटचा खरा पेच इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पीएफ २० माणसांवर सक्तीचा होतो. युनिटमध्ये १९ माणसं आहेत आणि इन्स्पेक्टर विसावा. ठेकेदाराचे दोन हेल्पर मोजायचे का, असा प्रश्न मला नेहमी येतो. होय, मोजायचे. इन्स्पेक्टर आला की फक्त त्याचाच नव्हे, तर आधीच्या १९ जणांचाही पीएफ सुरू होतो. सरासरी पीएफयोग्य वेतन १४,००० धरलं तर १९ × १४,००० च्या १३ टक्के, म्हणजे महिन्याला ३४,५८० रुपये. वर्षाला सुमारे ४ लाख १५ हजार. इन्स्पेक्टरच्या स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त! ठेकेदाराच्या माणसांचा भाग ठेकेदार भरेल, पण तो बिलातून तुमच्याकडेच येणार आहे. नंतर संख्या २० च्या खाली आली तरी पीएफ सुटत नाही.

हा आकडा बघून काही जण दुसऱ्या नावानं फर्म काढतात, काही जण माणूस "सल्लागार" दाखवून रोज आठ तास मशीनवर उभा करतात. तपासणीत एकाच जागेतली, एकाच मालकाची, एकमेकांवर चालणारी दोन युनिटं एकत्र धरली जाऊ शकतात. मग मागची थकबाकी, व्याज आणि दंड एकदम अंगावर येतो. तो धोका पत्करण्याजोगा नाहीच, आणि ज्या माणसांच्या हातावर युनिट उभं आहे त्यांचा म्हातारपणाचा पैसा असा चुकवू नये.

हा खर्च इन्स्पेक्टरच्या खात्यावर टाकायचा का? माझ्या मते नाही. तो वीस माणसांचं युनिट होण्याचा खर्च आहे. पुढच्या वर्षभरात पाचवी व्हीएमसी घ्यायची असेल, दुसरी शिफ्ट सुरू करायची असेल, तर तो तसाही येणारच होता. तेव्हा स्वतःला वेगळा प्रश्न विचारा: इन्स्पेक्टर नसता घेतला, तरी वर्ष-दीड वर्षात मी २० वर गेलो असतो का?

उत्तर होय असेल तर ही रक्कम वेगळ्या ओळीत लिहा आणि मशीन अवर रेटमध्ये धरा. ४ लाख १५ हजार म्हणजे ३ कोटी २० लाखांच्या उलाढालीचे सुमारे १.३ टक्के. पुढच्या दरवाढीच्या बोलणीत एवढी वाढ मागता येते. उत्तर नाही असेल, म्हणजे युनिट याच आकाराचं ठेवायचं असेल, तर ही भरती या रूपात परवडत नाही, हे स्वीकारा. मग आतल्याच ऑपरेटरला तपासणीकडे वळवणं, इन-प्रोसेस तपासणी मशीनवरच पक्की करणं आणि त्यानं अडलेला मशीनचा वेळ दुसऱ्या शिफ्टच्या ओव्हरटाइममधून भरणं, हा मार्ग बरा.

आणखी एक गोष्ट बजेटच्या कागदावर येत नाही. पीएफ सुरू झाला की माणसांच्या हातात पडणारा पगार कमी होतो. १४,००० च्या वेतनावर १,६८० रुपये कापले जातात. पैसे त्यांच्याच खात्यात जातायत, मालकही तेवढेच घालतोय, तरी घरभाडं आणि मुलांच्या फीचं गणित या महिन्याचं असतं. एक महिना आधी सगळ्यांना बसवून आकड्यांसह समजावून सांगा आणि कमी पगाराच्या माणसांना थोडी वाढ द्यायची तयारी ठेवा. मालकाचा भाग त्यांच्याच पगारातून वळता करून घेणं कायद्याला मान्य नाही.

केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना नवीन भरतीवर मालकाला अनुदान देते, म्हणून ते इथे वजा करू का, असं विचारलं जातं. ५० पेक्षा कमी माणसांच्या युनिटला त्यासाठी किमान २ वाढीव माणसं घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. एका इन्स्पेक्टरच्या भरतीत हे बसत नाही, तेव्हा बजेटमध्ये शून्यच धरा.

बाजारभाव: आकडा एकाच मापात आणा

बाजारातला पगार कळायला तीन जागा उपयोगी पडतात. पहिली, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या त्याच कामाच्या जाहिराती. दुसरी, शेजारचे युनिटमालक, जे चहावर खरा आकडा सांगतात. तिसरी आणि सगळ्यात खरी, उमेदवारांच्या पगाराच्या स्लिपा आणि तुमच्याकडून सोडून गेलेली माणसं.

अडचण अशी की हे आकडे एका मापात नसतात. जाहिरातीतला २८,००० मालकाच्या पीएफसह असतो. शेजारी सांगतो तो २८,००० रोज बारा तासांचा, म्हणजे चार तास ओव्हरटाइम धरून. चाकणच्या मोठ्या कंपनीत पगार २३,००० दिसतो, पण बस आणि कँटीन वेगळं. प्रत्येक आकड्याला दोनच प्रश्न विचारा: आठ तासांचे, ओव्हरटाइमशिवाय किती? आणि कापून हातात किती पडतात? बस आणि जेवण मिळत असेल तर त्याचे महिन्याचे पैसे त्यात मिळवा. आठ-दहा आकडे असे सरळ केले की गोंधळ निवतो. आपल्या युनिटच्या बाबतीत समजा ते २१ ते २७ हजारांच्या दरम्यान आले आणि बहुतेक २३-२४ च्या आसपास.

खालचं टोक तपासताना राज्याचे किमान वेतन दरही बघून घ्या. त्यातला विशेष भत्ता महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, बदलतो.

उमेदवाराशी बोलताना हातात पडणारा आकडा द्या. २४,००० मधून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की २२,००० उरतात (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, आणि महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही). ईएसआय लागू झालं तर पाऊण टक्का आणखी कमी. पहिला पगार हातात आल्यावर "तुम्ही चोवीस म्हणाला होतात" हे वाक्य ऐकू आलं की नातं तिथेच बिघडतं.

आत काय चाललंय

इन्स्पेक्टरचं काम म्हणजे जुन्या ऑपरेटरचा माल थांबवणं. आपल्या युनिटमध्ये दोन ज्येष्ठ ऑपरेटर आहेत, नऊ-दहा वर्षं टिकलेले, पगार २४,००० आणि २३,५००. इन्स्पेक्टरला १८,००० वर आणलं तर त्यानं लाल टॅग लावलेला माल "साहेबांना विचार" म्हणत पुढे सरकवला जाईल. तो २८,००० वर आला तर आठवड्याच्या आत दोघं ऑपरेटर केबिनमध्ये येतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त असेल. लहान युनिटमध्ये पगार गुप्त राहतो, असं धरून चालू नका.

मी तरी अशा वेळी नवीन माणसाचा सुरुवातीचा पगार ज्येष्ठ ऑपरेटरच्या बरोबरीला किंवा किंचित खाली ठेवतो आणि जुन्यांची थकलेली वाढ आधी देऊन टाकायला सांगतो. दोघांना २,००० ची वाढ म्हणजे वर्षाला ४८,०००. हा खर्च नवीन भरतीमुळे आत्ता करावा लागतोय, म्हणून तो या पदाच्या बजेटमध्येच लिहायचा. ३ लाख ५४ हजार अधिक ४८ हजार, झाले ४ लाख २ हजार. आपली मर्यादा ४ लाख ८ हजारांची होती. बसलं, पण जेमतेम.

आता रेंज

रेंज म्हणजे घासाघीस करायची जागा नव्हे. प्रत्येक आकड्यासमोर काम लिहिलेलं असलं तरच तिला अर्थ आहे.

आपल्या युनिटसाठी मी २१,००० ते २७,००० अशी रेंज लिहीन. २१,००० ला असा माणूस, ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, मोजमापाची साधनं नीट धरता येतात, पण ग्राहकाचा तपासणी अहवाल शिकवावा लागेल. २४,००० ला असा, जो पहिल्या आठवड्यापासून तपासणी आणि अहवाल स्वतः सांभाळेल. २७,००० ला असा, जो ग्राहकाच्या ऑडिटला एकटा सामोरा जाईल, तक्रारीचं मूळ कारण शोधून सेटरबरोबर ते बंद करेल, आणि साधनांच्या कॅलिब्रेशनच्या तारखा पाळेल.

आता वरचं टोक मर्यादेशी ताडून बघा. २७,००० ला पूर्ण खर्च महिन्याला साधारण ३२,६०० होतो, वर्षाला ३ लाख ९१ हजार. ऑपरेटरांची वाढ मिळवली की ४ लाख ३९ हजार, म्हणजे ८० टक्क्यांच्या रेषेबाहेर. याचा अर्थ वरचं टोक पहिल्या दिवशी द्यायचं नाही. बचत प्रत्यक्ष दिसली, डेबिट नोटा खरंच कमी झाल्या, की त्याच माणसाला तिथवर न्यायचं. भरतीची रेंज २१ ते २४, पुढे वाढायला २७ पर्यंत जागा. रेंजच्या वरच्या टोकालाच माणूस घेतला की पुढच्या वर्षी वाढ देण्यासाठी आकडाच मोडावा लागतो.

एखादा उमेदवार फार आवडला आणि त्यानं ३०,००० मागितले तर? त्याचा पूर्ण खर्च ३५,७०० च्या घरात जातो. त्या पैशात बसेल असं काम युनिटमध्ये आहे का, ते बघा. क्वालिटी आणि प्रॉडक्शन प्लॅनिंग दोन्ही तो सांभाळणार असेल तर ते वेगळं पद झालं. पुन्हा पहिल्या पायरीपासून हिशेब करा. तसं नसेल तर सरळ सांगा, की आमची सुरुवात २४ पर्यंत आहे आणि सहा महिन्यांनी अमुक कामं जमली तर अमुक वाढ लेखी देऊ. आकडा आणि तारीख नसलेलं "पुढे बघू" चांगल्या माणसाला थांबवत नाही.

पहिलं वर्ष आणि हातातली रोकड

चालू खर्चाशिवाय एकदाच होणारा खर्च असतो. तपासणीचं टेबल, एक-दोन साधनं, कॅलिब्रेशन आणि जुना का होईना पण संगणक, मिळून ६०,००० धरू. कन्सल्टन्सीमार्फत माणूस घेतला तर एका पगाराएवढी फी, २४,०००. एकूण ८४,०००. पहिल्या वर्षाचा खर्च मग ४ लाख ८६ हजार होतो. पहिले दोन महिने शिकण्यात जातात, म्हणून बचत दहा महिन्यांचीच धरा, ४ लाख २५ हजार. पहिल्या वर्षी साठ-एकसष्ट हजारांची तूट आणि दुसऱ्या वर्षापासून लाखभराचा फायदा, असं हे चित्र आहे. हे आधी माहीत असलं की आठव्या महिन्यात घाबरून माणूस काढायची वेळ येत नाही.

जॉबवर्कमध्ये ग्राहकाचा पैसा ६० ते ७५ दिवसांनी येतो. पगार मात्र ७ तारखेच्या आत आणि पीएफ-ईएसआय १५ तारखेच्या आत भरावा लागतो. म्हणून भरतीआधी तीन महिन्यांचा पूर्ण खर्च, म्हणजे ८८,५००, आणि वरचे ८४,००० मिळून पावणेदोन लाख वेगळे असावेत. पीएफ सगळ्यांना सुरू होणार असेल तर त्याचेही तीन महिने, सुमारे १ लाख ४ हजार, त्यात मिळवा. कॅश क्रेडिटची मर्यादा आधीच काठोकाठ वापरली जात असेल तर दोन महिने थांबा. उशिरा झालेला पगार हे लहान युनिटमधून माणूस जाण्याचं मोठं कारण असतं.

रेंज चुकली हे कसं कळतं

अर्जच येत नाहीत, तेव्हा दोष बहुधा पगाराचा नसतो. जाहिरातीत कामाचं वर्णन धूसर असतं किंवा पगार लिहिलेलाच नसतो. अर्ज येतात, मुलाखती होतात आणि आकडा ऐकून चार-पाच जण मागे फिरतात, तेव्हा रेंज खरंच खाली आहे. माणूस येतो आणि दोन महिन्यांत हजार-दीड हजारासाठी शेजारच्या गाळ्यात जातो, तेव्हा तुम्ही बारा तासांचा आकडा आठ तासांचा समजून तुलना केली होती का, ते तपासा. आणि पहिलाच उमेदवार कोणताही प्रश्न न विचारता लगेच हो म्हणतो, तेव्हा एकतर तुम्ही गरजेपेक्षा जास्त देताय किंवा त्याला काम नीट समजलेलं नाही. ऑफर लेटर देण्याआधी त्याला अर्धा दिवस शॉप फ्लोअरवर बसवा, एक ड्रॉइंग आणि पाच पीस हातात द्या, आणि अहवाल भरून मागा. तो २१ चा आहे की २४ चा, हे तेव्हा बऱ्यापैकी कळतं. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मात्र त्याला द्या.

सहा महिन्यांनी तीच डेबिट नोटांची फाइल पुन्हा उघडा. आधीच्या सहा महिन्यांशी तुलना करताना एकूण रकमेऐवजी "गेटवर सापडायला हवे होते" असे दोषच मोजा. ते निम्म्याच्या खाली आले असतील तर त्याला २७ च्या दिशेनं पहिली वाढ द्यायला हरकत नाही. तसेच राहिले असतील तर पगारावर बोलण्याआधी बघा, की त्यानं थांबवलेला माल तुमच्याच परवानगीनं घाईत पाठवला जातोय का. आणि जानेवारी-जुलैत किमान वेतनाचे नवे आकडे आले की रेंजचा कागद काढून खालचं टोक त्यांच्याशी जुळवून घ्या, आणि कागदावर नवी तारीख टाका.